भाकरी सोडू नका, साखरेचा डबा मोजा

वजन उतरत नाही म्हणून वस्तीतल्या ज्या बाया आमच्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींनी येण्याआधीच एक गोष्ट केलेली असते. भाकरी कमी केलेली असते. दोनाची एक, एकीची अर्धी. काहीजणी रात्रीचा भातही सोडतात, पहाटे नदीच्या बाजूला अर्धा तास चालून येतात. पहिल्या पंधरवड्यात किलोभर वजन उतरते, मग काटा तिथेच थांबतो. दोन महिने असे काढल्यावर बाई म्हणते, "आमचा बांधाच असा आहे," आणि चालणेही बंद करते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कष्टकरी घरात वजन उतरवायचे असेल तर आधी हात भाकरीला नाही, साखरेच्या डब्याला लावायला हवा. भाकरी ताटात दिसते म्हणून तिच्यावर आळ येतो. चहातली साखर दिसत नाही म्हणून ती सुटते.

ती दिसत का नाही, हे चहा कसा होतो ते पाहिले की कळते. आपल्याकडे साखर कपात पडत नाही, पातेल्यात पडते. पाच माणसांचा चहा ठेवला की कुणी चमचा घालते, कुणी वाटी, कुणी अंदाजाने मूठ. उकळल्यावर तो कपांत वाटला जातो. आपल्या वाट्याला किती साखर आली हे पिणाऱ्याला माहीत नसते आणि करणारीलाही नसते. म्हणून "चहात किती साखर घेता?" असे विचारले की सगळ्या सांगतात, "एकच चमचा." त्या खोटे बोलत नाहीत. त्यांनी कधी मोजलेलेच नसते. शिवाय चमच्याचेही माप एकसारखे नाही. सपाट भरलेल्या लहान चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर बसते, तोच चमचा शीग लावून भरला तर सात-आठ ग्रॅमपर्यंत जातो. एक ग्रॅम साखर म्हणजे 4 कॅलरी. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर एका चमच्याला 20 कॅलरी.

वीस कॅलरींनी काय होते, असे कुणी म्हणेल. एका चमच्याने काहीच होत नाही. पण संगमनेरात चहा एकदा होत नाही. आपला तालुका दुधाचा आहे, उसाचा आहे. पलीकडे प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आपल्या संगमनेरला थोरात कारखाना आहे. या पट्ट्यात चहा म्हणजे दुधाचा, दाट आणि गोड. पाणचट, फिका चहा दिला तर घर कंजूष ठरते. त्यात आपल्या कितीतरी बाया घरी बसून विड्या वळतात. सूप मांडीवर घेतले की तासन्‌तास उठणे नाही. पाठ धरली की चहा, झोप आली की चहा, भूक लागली आणि हातातले काम सोडवत नाही म्हणून पुन्हा चहा. बोटे दिवसभर चालतात, पण शरीर बसलेलेच असते. अशा बसून काम करणाऱ्या, साधारण 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला 1660 कॅलरी पुरतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. शेतात खुरपणाऱ्या बाईला त्याहून बऱ्याच जास्त लागतात. दोघींचा चहा मात्र सारखाच असतो.

आता नमुन्यादाखल एक घर घेऊ. असे घर आपल्या कोणत्याही वस्तीत सापडेल. नवराबायको, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि शाळेत जाणारी मुलगी. या घरात महिन्याला सहा किलो साखर लागते. सहा किलो म्हणजे दिवसाला 200 ग्रॅम. पाच जणांत वाटली तर माणशी 40 ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. पण ती सारखी वाटली जात नाही. मुलगी दोनदाच चहा घेते. घरधनी चार वेळा घेतो, आणि नाक्यावरचा वेगळा. विड्या वळणारी आई मात्र घरात चहा होईल त्या प्रत्येक वेळी कप घेते. सकाळी सहाला, नऊला जाऊबाई आली म्हणून, साडेअकराला भुकेच्या वेळी, चारला, आणि दिवे लागल्यावर. पाच कप झाले. दर कपात दोन चमचे धरले तर दहा चमचे. 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी.

दर कपात साधारण 50 मिली दूध असते. पाच कपांचे पाव लिटर झाले. गायीच्या दुधाच्या त्यात 160 कॅलरी धरा, म्हशीचे असेल तर आणखी जास्त. आणि चहा कोरडा जात नाही. दोन वेळा तीन-तीन ग्लुकोज बिस्किटे बुडवली जातात. एका बिस्किटाच्या सुमारे 20 कॅलरी धरल्या तर सहांच्या 120. एकूण बेरीज 480.

480 कॅलरी म्हणजे 1660 च्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ज्वारीच्या मध्यम भाकरीत सुमारे 200 कॅलरी असतात. म्हणजे या बाईने दिवसभरात जवळजवळ अडीच भाकरींइतक्या कॅलरी चहासोबत घेतल्या, आणि जेवताना मात्र एक भाकरी कमी केली. पहाटेच्या अर्ध्या तासाच्या चालण्याने साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. त्या घरी आल्यावरच्या एका कपात आणि तीन बिस्किटांत भरून निघतात. काटा थांबला तो बांध्यामुळे नाही.

आणखी एक गोष्ट आहे. भाकरी चावावी लागते, तिच्यात चोथा असतो, ती पोटात थांबते. चहातली साखर घोटाघोटाने जाते. पोटाला जेवल्यासारखे वाटत नाही, म्हणून नंतरचे जेवण त्या मानाने कमी होत नाही. साखर किंवा पाक प्यायलो तर त्याच्या कॅलरी बहुतेक वेळा वरच्यावर जमा होतात. म्हणूनच भाकरी सोडून चहा ठेवणे हा तोट्याचा सौदा आहे. भूक वाढते, अंगात ताकद राहत नाही, आणि वजनही जात नाही.

मग मोजायचे कसे? दर कपाला वही घेऊन बसणे कुणाला जमणार नाही. त्यापेक्षा डब्याचा हिशोब सोपा. महिन्याच्या एक तारखेला घरात आलेली साखर एकाच डब्यात भरा आणि किती किलो भरली ते डब्यावर खडूने लिहा. मधे आणलेली साखरही त्यात धरा. महिनाअखेर किती संपली ते घरातल्या माणसांनी भागा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ते 30 ग्रॅमच्या आत ठेवायला हवी. 25 ग्रॅम धरले तर महिन्याला माणशी पाऊण किलो होते. पण त्या पाऊण किलोत बिस्किटे, बाटलीतले पेय, बाहेरचा चहा, लाडू-शिरा सगळे आले. म्हणून घरच्या डब्यातून माणशी अर्ध्या किलोच्या आत राहावे, असे आम्ही सांगतो. पाच माणसांच्या घरात अडीच किलो. नमुन्याच्या घरात सहा किलो जाते. सगळी अडचण त्या साडेतीन किलोत आहे.

डब्यात न येणारी साखर बाटलीत येते. मुलगा कॉलेजातून येताना वीस रुपयांची थंड पेयाची बाटली घेतो. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत एक चौकट असते. त्यात शंभर मिलीमागे साखर किती, हे लिहिलेले असते. बहुतेक गोड सोडा पेयांत तो आकडा अकराच्या आसपास असतो. वाचणारा म्हणतो, अकरा ग्रॅम म्हणजे दोन चमचे, एवढे काय. पण बाटली शंभर मिलीची नसते, अडीचशेची असते. अकराला अडीचने गुणा. साडेसत्तावीस ग्रॅम, साडेपाच चमचे. एका बाटलीत दिवसभराची साखर संपली. मुलांना ही सवय लावा: चौकटीतला साखरेचा आकडा बघायचा, बाटलीच्या मापाने गुणायचा, पाचाने भागून चमचे काढायचे. साडेपाच चमचे साखर वाटीत काढून मुलासमोर ठेवली की जास्त बोलावे लागत नाही. आंब्याचे गोड पेय, गोड लस्सी, सुगंधी दूध यांनाही हाच हिशोब लावा. फळाचे चित्र आहे म्हणून साखर कमी असते असे नाही.

मुलांच्या दुधात घालायच्या डब्याबंद भुकटीचेही तसेच. अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, असे केंद्र सरकारने एप्रिल 2024 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा काही प्रकारच नाही. डब्यामागची चौकट वाचा. अशा काही भुकट्यांमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखरच असते, आणि आई वरून आणखी एक चमचा घालते.

"आम्ही साखर सोडली, गुळाचा चहा घेतो," असे सांगणाऱ्याही बऱ्याच भेटतात. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे. पण शंभर ग्रॅम साखरेत 400 कॅलरी असतील तर तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास असतात. गूळ कमी गोड लागतो म्हणून खडा मोठा पडतो आणि हिशोब उलट वाढतो. मधाचेही तेच. उन्हाळ्यात रसवंतीवर घेतलेल्या उसाच्या एका पेल्यात पाच-सहा चमचे साखर सहज असते. रस ताजा आहे, डोळ्यांसमोर काढलेला आहे, पण वजनाला साखर ती साखरच. वजनासाठी साखरेऐवजी गोडीच्या गोळ्या वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दिला आहे. जिभेची गोडाची सवय मोडायला हवी, एकाऐवजी दुसरी लावून घेण्यात अर्थ नाही.

इथे पाहुण्यांचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या समाजात हलका नाही. गावोगावी आपल्या माणसांसाठी चहाची वेगळी कपबशी ठेवलेली असायची. ती वापरून झाल्यावर आपणच धुवून बाजूला ठेवायची. हे पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यामुळे आपल्या घरी कुणी चहा नाकारला की ते मनाला लागते, आणि दुसऱ्याच्या घरी आपल्याला नाही म्हणवत नाही. विहारातली बैठक, कुणाच्या घरचे सांत्वन, लग्नाची बोलणी, एका संध्याकाळी चार घरे झाली की चार कप होतात. चहा नाकारा असे आम्ही म्हणत नाही. एकत्र बसून चहा घेणे हे आपण मिळवलेले आहे, ते सोडायचे नाही. साखर तेवढी वेगळी ठेवा. किटलीत बिनसाखरेचा चहा, ताटलीत साखरेची वाटी आणि चमचा. ज्याला हवी तो घालून घेईल. विहारात ही पद्धत सुरू झाली की घरी बिनसाखरेचा चहा मागायला कुणाला संकोच वाटणार नाही, आणि मधुमेह लपवून गोड चहा पिणारी जुनी माणसेही सुटतील.

घरात साखर उतरवताना घाई करू नका. एकदम बंद केली तर चार दिवसांत घरात भांडण होते आणि सहाव्या दिवशी डबा पुन्हा उघडतो. आम्ही सांगतो ती रीत अशी. एक लहान चमचा कायमचा डब्यात ठेवायचा, दुसऱ्या कशानेही साखर काढायची नाही, आणि चमचा सुरीने किंवा बोटाने सपाट करायचा. पहिले दोन आठवडे पातेल्यात चौथा हिस्सा साखर कमी. पाच कपांना दहा चमचे पडत असतील तर साडेसात. कुणाला न सांगता केले तरी चालते, बऱ्याच घरांत कळतही नाही. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी अडीच कमी, म्हणजे कपाला एक चमचा. महिना-दीड महिन्यात जीभ त्याला सरावते. मग नाक्यावरचा चहा आपोआप जास्त गोड लागू लागतो. सवय बदलली ती अशी ओळखावी. आले, गवती चहा, वेलदोडा घातला तर फिकेपणा कमी जाणवतो.

त्याबरोबर कपांची संख्या बघा. भुकेच्या वेळचा चहा आधी काढायचा. साडेअकराला भूक लागते तेव्हा शरीर जेवण मागत असते, चहा नाही. तेव्हा भाकरी-कालवण खाऊन घ्या. नमुन्याच्या घरातल्या बाईने पाचाचे तीन कप केले, दर कपात एक सपाट चमचा ठेवला, आणि बिस्किटांच्या जागी मूठभर फुटाणे घेतले, तर साखरेच्या 60, दुधाच्या 100 आणि फुटाण्यांच्या 90 मिळून 250 कॅलरी होतात. आधी 480 होत्या. दिवसाला 230 वाचल्या, आणि भाकरी एकही कमी झाली नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. कागदावर हिशोब महिन्याला पाऊण किलोच्या थोडा वर जातो. प्रत्यक्षात अर्धा किलो उतरला तरी चांगले समजावे, कारण शरीर थोडेफार जुळवून घेते आणि सगळे दिवस सारखे जात नाहीत. पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरते त्यात पाणी बरेच असते. म्हणून रोज काट्यावर उभे राहू नका. आठवड्यातून एकदा, एकाच वाराला, सकाळी काही खाण्याआधी वजन करा आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कंबर टेपने मोजा. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या आत असावी. वजन थांबले आणि कंबर कमी होत असेल तर काम चालू आहे. दोन्ही दोन-तीन महिने जागचे हलत नसतील तर आधी डबा पुन्हा मोजा. डबाही बरोबर असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्या.

पैशाचेही पाहा. साखर किलोला 45 रुपये धरली तर साडेतीन किलोचे दीडशेच्या वर होतात. रोजचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा थांबला तर महिन्याचे आणखी दीडशे. हे तीनशे रुपये अंडी, शेंगदाणे, फुटाणे, डाळ यांवर जायला हवेत. साखर कमी करून ती जागा रिकामी ठेवायची नाही.

शेवटी, हा हिशोब कुणासाठी नाही तेही सांगणे आमचे काम आहे. ज्यांचे वजन मुळातच कमी आहे, ज्या गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, त्यांनी वजन उतरवायला जाऊ नये. वाढत्या मुलांची साखर कमी करा, पण त्यांच्या ताटातले अन्न वाढवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर अचानक तोडली आणि औषध तेवढेच ठेवले तर रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. तेव्हा माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. अशा माणसांनी आधी डॉक्टरांना किंवा नर्सताईंना सांगूनच साखर कमी करावी. आणि रक्त कमी असलेल्या बायांनी जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा टाळावा, लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही.

येत्या एक तारखेला डब्यावर खडूने आकडा लिहा. महिनाअखेर माणशी अर्ध्या किलोपेक्षा जास्त साखर गेली असेल, तर वजन का थांबले याचे उत्तर त्या डब्यातच आहे. तोवर भाकरीला हात लावू नका.